आज रात्री सहावी दाढ मोजा

आष्टा आणि आसपासच्या गावांतल्या आई-वडिलांनो, आजी-आजोबांनो, अंगणवाडीताईंनो, गुरुजींनो आणि बाईंनो,

तुमच्या घरात पाच ते आठ वर्षांचं मूल असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर पाच मिनिटं त्याच्यासाठी काढा. त्याला उजेडाकडे तोंड करून बसवा, मोबाईलची बॅटरी लावा आणि खालच्या ओळीतल्या अगदी मधल्या दातापासून एका बाजूनं मागं मोजत जा. पुढचा दात पडून खिंड झाली असेल तर खिंडही मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. इथपर्यंत दुधाचे दात आहेत, नाहीतर त्यांच्या जागी आलेले नवे. पाचव्याच्या मागं हिरडीतून पांढरं टोक डोकावत असेल, किंवा रुंद, खाचाखाचांची दाढ उभी असेल, तर ती सहावी. ती दुधाची नाही. ती पडून दुसरी येणार नाही. हे मूल साठ वर्षांचं होईल तेव्हाही त्याला भाकरी याच दाढेनं चावायची आहे.

अशा चार दाढा असतात, खाली दोन आणि वर दोन. त्या साधारण सहाव्या वर्षी येतात, कुणाला सहा महिने आधी, कुणाला वर्षभर उशिरा. त्या येतात त्याच दिवसांत समोरचे दुधाचे दात हलू लागतात. समोरचा दात पडला की घरभर बोलबाला होतो, कुणी तो कौलावर टाकतं, कुणी तुळशीत पुरतं, शेजारीपाजारी चौकशी करतात. मागं मात्र एक कायमची दाढ कुठलाही दात न पाडता, फारसं न दुखवता वर येत असते आणि तिची दखल कुणी घेत नाही. म्हणूनच तिच्यावर काळा ठिपका दिसला तरी घरातले म्हणतात, दुधाचीच आहे, पडेल आपोआप. आठव्या-नवव्या वर्षी मूल रात्री गाल धरून रडायला लागतं, तेव्हा कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. या दाढेची मुळं पूर्ण व्हायला नववं-दहावं वर्ष उजाडतं. त्याआधी नस खराब झाली तर उपचार अवघड होतात, फेऱ्या वाढतात, आणि काही मुलांची कायमची दाढ दहा वर्षांच्या आत काढावी लागते. मग बारा वर्षांच्या सुमारास मागून येणारी दाढ त्या रिकाम्या जागेत कलंडते आणि चावण्याची सगळी घडी बिघडते.

हे टाळता येतं. त्यासाठी आधी ही दाढ इतक्या लवकर का किडते ते समजून घ्यावं लागेल.

हिरडी फोडून बाहेर येण्यापासून वरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला बहुधा वर्षभर लागतं, कधी त्याहून जास्त. एवढा काळ ती शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खाली असते. मूल ब्रश पुढून मागं नेतं, तो दुधाच्या दाढेवरून सरकतो आणि सहावीला न शिवताच परत येतो. समोरची दाढ अजून टेकलेली नसल्यानं चावताना होणारी आपोआपची झाडलोटही तिथं होत नाही. त्यात तिचं वरचं आवरण अजून कोवळं असतं. लाळेतली खनिजं शोषून ते पक्कं व्हायला पुढची दोनेक वर्षं जातात. म्हणजे दाढ सगळ्यात कच्ची असते तेव्हाच ती सगळ्यात अस्वच्छ राहते.

आपल्याकडचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. समजा, एक मुलगी जूनमध्ये पहिलीत गेली आणि त्याच महिन्यात तिच्या सहावीचं पहिलं टोक हिरडीबाहेर आलं. गणपतीत अर्धी दाढ दिसते, पण मागच्या भागावर अजून हिरडीचं झाकण आहे आणि त्याखाली मोदकाचं सारण अडकतं. दिवाळीच्या सुट्टीत डबे हाताशी असतात, चकलीपेक्षा शंकरपाळी आणि लाडू जास्त फस्त होतात. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजतो, ऊसतोड सुरू होते आणि कांडं दिवसभर हातात असतं. संक्रांतीला तिळगूळ. रोज सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, ते तर ओल्या पिठासारखं खाचांत बसूनच राहतं. पुढच्या जूनमध्ये ती दुसरीत जाते तेव्हा दाढ पूर्ण वर आलेली असते, आणि ब्रश तिथवर पोचलाच नसेल तर खाचेच्या तोंडाशी खडूसारखा पांढरट पट्टा किंवा तपकिरी रेघ उमटलेली असते. वर्षभरात एवढं होऊ शकतं. म्हणून हे आवाहन आजच्या रात्रीसाठी आहे.

मुलांना हे सांगायचं तर दाढेनंच सांगितलेलं बरं. त्यासाठी चार मिनिटांच्या कार्टूनपटाची संहिता खाली देत आहे. यात एकच पात्र बोलतं, तिचं नाव सहावी. पहिली दोन मिनिटं ती स्वतःबद्दल बोलते आणि पुढची दोन मिनिटं मुलांकडून दात घासून घेते. कुणाला चित्रं हलवता येत असतील त्यांनी ती हलवावीत. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी पुठ्ठ्याची दाढ कापावी, तिला डोळे काढावेत आणि परिपाठात तिच्यामागून बोलावं. संवाद आपल्याच बोलीत आहेत, ते तसेच राहू द्या.

पडद्यावर अंधार. वरून उजेड येतो. गुलाबी हिरडीतून एक पांढरं डोकं हळूच वर येतं.

सहावी: "आगं ए! आरं ए! हिकडं, मागं! पुढं काय बघताय? पुढचा दात पडला म्हणून सगळी त्याच्याच मागं लागलीत. मी आलीय ते कुणाला म्हाईत हाय का? थांबा, वळखा बघू मला. मधल्या दातावर बोट ठेवा. आता मागं चला. एक. दोन. तीन. चार. पाच. आन् ही मी, सहावी! तुम्ही सहा वर्षांचं झाला म्हणून मी आली."

(ती शेजारच्या दुधाच्या दाढेकडे बघते. ती उंच आहे, सहावी अजून बुटकी.)

"ही माझी शेजारीण. दुधाची हाय. दहा-अकरा वर्षांपातूर ऱ्हाणार, मग जाणार. मी जाणार न्हाई. तुम्ही कॉलेजात गेला तरी मी हाय. तुमचं लगीन झालं तरी मी हाय. तुमच्या नातवाला शेंगा फोडून देताना बी मी हाय. पण एक अडचण झालीय. मी अजून बुटकी हाय. तुमचा ब्रश शेजारणीच्या डोक्यावरनं सुर्रकन जातो आन् मागं फिरतो. मला शिवतच न्हाई!"

(ती मान खाली करून डोकं दाखवते.)

"माझ्या डोक्यावर बघा. उसाच्या रानात सऱ्या असतात न्हवं, तशा सऱ्या हायेत. चहातलं बिस्किट त्यात बसतं, गूळ बसतो. तोंडात बारीक जंतू असतात, डोळ्यांना दिसत न्हाईत एवढं बारीक. त्यांना गोड घावलं की ते आंबट पाणी करतात आन् त्या पाण्यानं मी झिजते. किडा-बिडा काय नसतो. कुणी म्हणालं दातातनं किडा काढून देतो, तर त्याच्याकडं जाऊ नका."

(ती पुन्हा वर बघते.)

"मला बोलता येतं, पण हात न्हाईत. तवा हात तुमचा, ब्रश तुमचा. चला, आणा ब्रश! पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी. तेवढीच. भरलं मापट!"

(घड्याळ दिसतं. दोन मिनिटं सुरू होतात.)

"सुरुवात मागनं. पुढनं न्हाई! पुढचं दात आरशात दिसतात म्हणून सगळी तिथंच घासत बसतात आन् माझ्यापातूर येईस्तवर दमतात. आधी खालची डावी बाजू. तोंड लई उघडू नका, अर्धंच उघडा, मग गालात जागा हुती. ब्रश ओठाच्या कोपऱ्यातनं आडवा आत घाला. माझ्या डोक्यावर टेकवा. आता हळूहळू, गालाकडं, जिभेकडं, गालाकडं, जिभेकडं. व्हय, तिथंच! जरा हुळहुळतंय? हुळहुळू दे, दाबू नका."

(वेळ जातो. ती गुणगुणते.)

"आता माझ्या शेजारणी. बाहेरनं, आतनं, वरनं. झालं? आता खालची उजवी बाजू. तिकडं माझी बहीण हाय, ती बी बुटकीच. ब्रश आडवा. गालाकडं, जिभेकडं."

(वेळ जातो.)

"आता वर चला. वरची डावी. वर काय दिसत न्हाई, तवा बोटानं जागा हुडका आन् मग ब्रश न्या. आता वरची उजवी. मागनं पुढं, मागनं पुढं. आन् आता, आता घासा पुढचं दात! आतल्या बाजूनं बी."

(घड्याळ थांबतं.)

"थुंका! थुंका, पण चूळ भरू नका. तोंडात जो जरासा पेस्टचा वास ऱ्हायला, तो रातभर मला राखणार हाय. आता पाणी सोडून काय खायाचं न्हाई. सकाळी पुन्हा बोलवा मला. आन् आईला म्हणा, सहावीला बघ, बॅटरी लावून बघ!"

संहिता इथं संपते. आता मोठ्यांसाठी, कारण पडद्यावरची दाढ मुलाला उत्साह देईल, पण सहा वर्षांच्या हाताला हे काम पुरतं जमणार नाही. ज्या मुलाला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला मागच्या दाढेवर ब्रश आडवा धरता येत नाही. साधारण आठ वर्षांपर्यंत रात्रीचं घासणं मोठ्यांनी करायचं. मुलानं आधी स्वतः घासावं, मग तुम्ही.

जमिनीवर बसा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या, चेहरा वर. वरून सगळं दिसतं. ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ घ्या. तोंड पूर्ण वासलं की गालाचे स्नायू ताणतात आणि ब्रशला जागा उरत नाही, म्हणून "अर्धं उघड" म्हणा आणि एका बोटानं गाल बाजूला धरा. ब्रश ओठांच्या कोपऱ्यातून दातांच्या ओळीला काटकोनात आत न्या, म्हणजे त्याचं डोकं बुटक्या दाढेवर बसेल, आणि तिथल्या तिथं आडवे छोटे हात मारा. दहा-पंधरा हात पुरतात. मग तसंच दुसऱ्या बाजूला. हिरडीच्या झाकणातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका आणि घासणंही थांबवू नका. तिथं साचलेल्या घाणीमुळंच ती हिरडी सुजलेली असते. रोज साफ झाली की काही दिवसांत रक्त थांबतं. आठवडाभर नीट घासूनही थांबलं नाही तर दाखवा. दाढ वरच्या दाढेला टेकली की ही खास पद्धत लागत नाही, नेहमीचं घासणं पुरतं. म्हणजे हे वर्ष-दीड वर्षाचं काम आहे.

डेन्मार्कमध्ये बॉर्नहोम नावाच्या बेटावर नेक्सो हे छोटं गाव आहे. तिथल्या मुलांच्या सरकारी दातांच्या दवाखान्यानं १९८७ मध्ये ठरवलं की पोकळ्या भरत बसण्याआधी येणाऱ्या दाढा राखायच्या. आई-वडिलांना बोलावून मुलाच्या तोंडात साचलेला थर दाखवला, उगवत्या दाढेवर ब्रश आडवा कसा धरायचा ते त्यांच्याच हातानं करून घेतलं, आणि दाढ वर येईपर्यंत ज्या मुलाला जास्त धोका त्याला लवकर लवकर तपासायला बोलावलं. औषध आणि भरणं गरजेपुरतंच ठेवलं. तिथली मुलं मोठी झाली तेव्हा त्यांच्या तोंडात किडके दात देशातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा कमी होते. त्या कामात महागडं यंत्र नव्हतं. मांडी, उजेड आणि आडवा ब्रश आष्ट्यातही आहे.

पेस्ट घेताना ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. फ्लोराइड हा शब्द आणि १००० पीपीएम हा आकडा शोधा. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोड पेस्टमध्ये फ्लोराइड कमी असतं, काहींत अजिबात नसतं, आणि कोवळ्या दाढेला नेमकं तेच लागतं. कारण फ्लोराइड विरघळू लागलेलं आवरण पुन्हा पक्कं करायला मदत करतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. मुलं ती गिळतात, म्हणून मापाला महत्त्व आहे आणि ट्यूब मोठ्यांच्या हातातच हवी.

आजींना हात जोडून एक विनंती. सकाळी मिश्री लावताना नातवंडं शेजारी बसतात आणि तुमच्या डबीत बोट घालतात. कधी त्यांचे दातही मिश्रीनं घासून दिले जातात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं कीड थांबत नाही, लहान वयात सवय मात्र लागते. डबी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. दुखऱ्या दाढेत तंबाखूची गोळी किंवा कापूर भरून ठेवू नका, त्यानं हिरडी भाजते आणि कीड आत चालूच राहते.

खाण्याबद्दल सांगायचं ते एवढंच की गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाढेला जास्त लागतं. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरचा थर आंबट होतो आणि लाळ तो पुन्हा शांत करायला अर्धा तास ते तासभर घेते. जेवणासोबत एक लाडू खाल्ला तर हे एकदा होतं. दुपारभर तासातासाला उसाचं कांडं, चॉकलेट, बिस्किट चालू राहिलं तर दाढेला शांत व्हायला वेळच मिळत नाही. ऊस खा, गूळ खा, आपल्या रानातलंच आहे, पण जेवणाच्या वेळेला आणि एका बैठकीत. झोपताना दूध द्यायचं असेल तर साखरेशिवाय आणि घासण्याच्या आधी, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

ब्रशची मर्यादाही सांगायला हवी. काही मुलांच्या सहावीच्या खाचा इतक्या अरुंद आणि खोल असतात की ब्रशचा केसही आत शिरत नाही. अशा खाचा दंतवैद्य सीलंट नावाच्या पातळ लेपानं बंद करतात. सुई लागत नाही, कोरावं लागत नाही, फक्त दाढ कोरडी ठेवावी लागते, म्हणून ती पुरेशी वर आल्यावर हे करतात. तपासताना खडूसारखा पांढरट डाग दिसला तर अजून वेळ आहे, फ्लोराइड आणि नीट घासण्यानं तो थांबवता येतो. तपकिरी किंवा काळी खाच दिसली, तिथं अन्न अडकत असेल किंवा थंड पाणी झोंबत असेल, तर दुखण्याची वाट पाहू नका, त्या आठवड्यात दाखवा. पोकळी एकदा झाली की घासून ती बुजत नाही. आणि दुधाची शेजारीण किडली असेल तर तीही भरून घ्या. ती वेळेआधी गेली की सहावी पुढं सरकते आणि तिथं येणाऱ्या दाताची जागा खाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, त्यांच्या तपासणीत दातही असतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी कपाटात ठेवू नका. पण वर्षातून एकदाची तपासणी सहावीला पुरत नाही, म्हणून मधल्या महिन्यांत बॅटरी तुमचीच. जास्त उपचार लागले तर सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. सांगली आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. तिथं गेल्यावर लहान मुलांच्या दातांचा विभाग विचारा आणि सांगा, "सहावी दाढ दाखवायची आहे."

पहिली-दुसरीच्या बाईंना आणि गुरुजींना मागणं एवढंच आहे. येत्या सोमवारी परिपाठात सहावीचे संवाद म्हणा, मुलांना मोजायला लावा, आणि ज्याच्या मागं काळं दिसेल त्याच्या घरी त्याच दिवशी निरोप धाडा. गळीत हंगामात फडावर किंवा कारंदवाडीच्या कारखान्याजवळच्या कोप्यांवर आलेली ऊसतोड कामगारांची मुलं तुमच्या शाळेत बसत असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा. ती चार-सहा महिन्यांनी गावी परततात आणि दोन्हीकडच्या तपासण्यांतून सुटतात.

आणि एखाद्या मुलाचा गाल सुजला असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर त्याला गरम शेक देऊ नका, सोमवारची वाट पाहू नका. त्याला आजच, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या.